देठ म्हणजे काडी नव्हे

आमंत्रणाचा पहिला मसुदा माझ्या सासऱ्यांनी लिहिला. अण्णा पस्तीस वर्षं बेदाण्याच्या व्यापारात आहेत, पण पत्र लिहायचं म्हटलं की अजून वहीच्या मागच्या पानावर, निळ्या शाईत. मजकूर असा होता:

‘स. न. वि. वि. ईश्वरकृपेने आमची फर्म दुबई येथील प्रदर्शनात सहभागी होत आहे. तरी आपण आमच्या स्टॉलला अगत्याने भेट देऊन उपकृत करावे. आमचेकडे केमिकलविरहित, एक्स्पोर्ट क्वालिटीचा, मानांकनप्राप्त हिरवा बेदाणा मुबलक शिल्लक असून आपणांस हवा तेवढा माल वाजवी दरात देऊ. आपली सर्व व्यवस्था आमचेकडे राहील. सहपरिवार येण्याचे करावे. कळावे, लोभ असावा.’

वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “घे, आता हेचं इंग्रजी कर. तासाभराचं काम हाय.”

त्या कामाला आम्हाला दहा दिवस लागले. त्यातले आठ दिवस इंग्रजीवर गेलेच नाहीत, मराठीवर गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा धंदा सांगलीचा, माल तासगाव भागातल्या शेतकऱ्यांच्या शेडवरचा, साठवण तासगावच्या शीतगृहात. 2025 च्या फेब्रुवारीत दुबईला गल्फूड प्रदर्शन होतं, 17 ते 21 तारखेला, दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. भारताच्या दालनात आम्हाला दुसऱ्या एका फर्मबरोबर निम्मा स्टॉल मिळाला होता. निम्मा स्टॉल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि नमुन्यांची एक फळी. अशा ठिकाणी नुसतं उभं राहून गिऱ्हाईक यायची वाट बघण्यात अर्थ नसतो. समोरून हजारो माणसं जातात, थांबतात, चार दाणे तोंडात टाकतात, कार्ड ठेवून पुढे जातात. ज्याच्याशी खरं बोलायचंय त्याला घरून निघायच्या आधीच वेळ ठरवून बोलवावं लागतं. आम्हाला बोलवायचा होता जेद्दाचा एक खरेदीदार. तो बेदाणा आणून लहान पाकिटांत भरून विकतो. 2023 मध्ये त्याने आमचा नमुना मागवला होता, तपासला होता, आणि नंतर गप्प झाला होता.

तो गप्प का झाला हे आम्हाला माहीत नव्हतं. मोठ्या माणसाचं लक्ष उडालं असेल, दर जमला नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ते पुढे कळलं. आधी अण्णांच्या मसुद्याचं सांगते.

मी तो पहिल्यांदा सरळ इंग्रजीत उतरवला आणि मोठ्याने त्याचं परत मराठी करून अण्णांना ऐकवलं. ‘आपली सर्व व्यवस्था आमचेकडे राहील’ या वाक्याचं मराठी परत आलं ते असं: विमानाचं तिकीट, हॉटेल, गाडी, जेवण, सगळा खर्च आमचा. अण्णा दचकले. “मी असं कुठं म्हटलं?” तर त्यांनी तेच म्हटलं होतं. आपल्याकडे त्या वाक्याचा अर्थ ‘या, पाहुणचार करू’ एवढाच असतो आणि वाचणारालाही ते कळतं. इंग्रजीत त्याला तो आडोसा मिळत नाही. तिथे ते पैशाचं आश्वासन होतं, आणि ते आपल्या लेटरहेडवर सहीनिशी असतं. ‘सहपरिवार’ही गेलं, प्रदर्शन व्यापाऱ्यांपुरतं असतं, प्रत्येकाला नावाचा बॅज काढावा लागतो.

‘हवा तेवढा माल’ यावर जास्त वेळ गेला. अण्णांना तो दिलदारपणा वाटत होता. माझे दीर, जे शीतगृहाचं बघतात, ते म्हणाले, “हवा तेवढा म्हणणाऱ्याकडं काहीच नसतंय अण्णा. सौद्यातनं उचलून देणारा दलाल असं लिव्हतो.” हे बरोबर होतं. पाकिटं भरणाऱ्याला वर्षभर एकसारखा दाणा लागतो. त्याला एकाच लॉटचा किती माल आहे हे हवं असतं. आमच्याकडे तेव्हा एका प्रतीचा, एकाच भागातला छत्तीस टन बेदाणा होता. वीस फुटी कंटेनरमध्ये आमच्या पेट्या साधारण अठरा-वीस टन बसतात, म्हणजे जेमतेम दोन कंटेनर. छत्तीस हा आकडा अण्णांना कमी वाटत होता, लिहायला लाज वाटत होती. पण पत्रात शेवटी तोच गेला.

आणि ‘शिल्लक’! मराठीत हा शब्द स्वच्छ आहे. खात्यावर शिल्लक, गोदामात शिल्लक, त्यात काही खोट नाही. मी पहिल्या झटक्यात त्याचं ‘लेफ्टओव्हर’ केलं होतं. म्हणजे ताटात उरलेलं. नवऱ्याने वाचून कपाळाला हात लावला. मग ‘इन स्टॉक’ केलं. पण शिल्लक या शब्दाखाली आणखी एक गोष्ट दडली होती, ती म्हणजे मालाचं वय. आपला बेदाणा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. फेब्रुवारीच्या मध्यावर दुबईत टेबलावर ठेवायला नवा माल हातात नसतो, असला तरी दोन-चार शेडवरचा. म्हणजे नमुना 2024 च्या पिकाचा, शीतगृहातला. अण्णा म्हणाले, “साल कशाला लिव्हायचं? माल बघून त्याला आवडला की झालं.” मी म्हटलं, “अण्णा, तो पहिला प्रश्न तोच विचारणार. टेबलावर सांगून पडण्यापेक्षा पत्रात सांगून त्याला यायला लावू.” ‘क्रॉप 2024’ हे दोन शब्द तसे गेले. जुना माल आहे असं त्यातून कुठे म्हटलं जात नाही, आणि लपवलंही जात नाही.

केमिकलविरहित या शब्दावर मात्र घरात आवाज चढले. हिरवा बेदाणा कसा होतो ते सांगलीकराला सांगायला नको, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी लवकर बाहेर पडत नाही. म्हणून घड शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि साधारण दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, यांच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमध्ये सावलीला जाळीच्या रॅकवर पसरतात. बारा-पंधरा दिवसांत साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पिवळा हवा असेल तर वर गंधकाची धुरी देतात. आम्ही हिरव्याला धुरी देत नाही, आणि ‘केमिकलविरहित’ म्हणताना अण्णांच्या मनात तेवढंच होतं. पण बुडवण्याचं द्रावण केमिकलच आहे. समोरच्याने ‘कसा वाळवता’ एवढं विचारलं की आमचा पहिलाच शब्द खोटा ठरला असता. आम्ही मराठीत लिहिलं, ‘सावलीत वाळवलेला, गंधकाची धुरी न दिलेला’. इंग्रजीत ते अवघं चार-पाच शब्दांत बसलं आणि त्याचा अर्थ मोजता येण्यासारखा होता, कारण प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइड तपासता येतो. ‘केमिकल नाही’ हे कुठल्याच प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

मानांकनाचंही तसंच. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे खरं. पण ते मालाच्या नावाला आहे. ते नाव आणि चिन्ह आपल्या पत्रावर वापरायला फर्मची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. आमची नव्हती. खोडलं. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ तर खोडायच्या आधी कुणी वाचलंही नाही. सांगलीत घाऊक बाजारात ते शब्द नसलेली पेटी शोधून दाखवा.

इतकं खोडल्यावर पत्रात उरलं काय? तारीख, जागा आणि छत्तीस टन. हे तर त्याला गल्फूडला येणाऱ्या प्रत्येक बेदाणावाल्याकडून आलं असतं. त्याने आपल्याकडेच का यावं, याला आमच्या पत्रात एक ओळही नव्हती. नवरा म्हणाला, रमजानचं लिहू. रमजानमध्ये सुक्या मेव्याला उठाव असतो हे खरं, पण 2025 चा रमजान 1 मार्चला सुरू होत होता. प्रदर्शन संपल्यावर जेमतेम आठवडाभराने. त्याची रमजानची खरेदी कधीच गोदामात पोचलेली असणार. त्या वेळी रमजानच्या मालाचं बोलणं म्हणजे वरात गेल्यावर घोडं आणणं.

म्हणून मी 2023 चा जुना पत्रव्यवहार उघडला. चार ईमेल होते. तिसऱ्यात त्याने लिहिलं होतं की नमुना चवीला आणि रंगाला चांगला आहे, पण ‘कॅप स्टेम’ फार आहेत, माझी अट अर्ध्या किलोत पन्नासपेक्षा कमी अशी आहे. चौथा ईमेल आमचा, दिरांनी लिहिलेला: आमचा माल ‘शंभर टक्के स्टेम फ्री’ आहे, खात्री बाळगा. त्यानंतर शांतता.

मी दिरांना विचारलं, “भावोजी, कॅप स्टेम म्हणजे तुम्ही काय समजलात?”

“काडी. स्टेम म्हणजे काडी. काडी तर आपण सगळी काढतो.”

आणि तिथेच सगळं होतं. बेदाण्यात दोन गोष्टी राहतात. घडाच्या दांडीचा तुकडा, जाडसर, सुटा, त्याला आपण काडी म्हणतो. आणि दाण्याच्या बुडाला चिकटून राहिलेला केसासारखा बारीक तुकडा, तो देठ. इंग्रजीत काडी म्हणजे स्टेम आणि देठ म्हणजे कॅपस्टेम. शब्द जवळचे, काम वेगळं. काडी चाळणीत आणि पंख्यावर निघते, हाताने वेचता येते. देठ दाण्याला धरून असतो, तो घासूनच मोडावा लागतो. माणसाने देठाची तक्रार केली आणि आम्ही त्याला काडी नसल्याची खात्री दिली. आमचा माल देठाला नापास होता, हे एक. त्याहून वाईट म्हणजे त्याने काय विचारलंय तेच आम्हाला कळत नाही, हे आम्ही सहीनिशी कळवलं होतं. मी त्याच्या जागी असते तर मीही पुन्हा लिहिलं नसतं.

मी म्हटलं, पत्र इथूनच सुरू करायचं. अण्णा एकदम उठून बसले.

“आगं, आमंत्रणात कोण आपली खोट सांगतं व्हय? लग्नाच्या पत्रिकेत मुलीला चष्मा हाय म्हणून लिव्हतो का आपण?”

“लिहीत नाही अण्णा. पण तो माणूस मुलगी आधी बघून गेलाय. चष्मा त्याने पाहिलाय.”

ते हसले, पण पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की चूक टेबलावर, समोरासमोर, चहाबरोबर सांगावी. माझं म्हणणं असं की चूक सांगितली नाही तर तो टेबलापर्यंत येणारच नाही. शेवटी दीर म्हणाले, “चूक माझी हाय, मी म्हणतो लिहा. पण त्याआधी माल त्याच्या अटीत बसतोय का ते तरी बघू.” हे सगळ्यात शहाणपणाचं बोलणं होतं, कारण आम्ही दोघंही पत्रावर भांडत होतो आणि मालाकडे कुणी बघितलं नव्हतं.

आमच्याकडे 2024 मध्ये देठ काढायचं नवं मशीन आलं होतं. दाणे फिरत्या ड्रममध्ये जाळीवर घासले जातात, मोडलेला देठ जाळीतून खाली पडतो, हलका उरलेला हवेने उडतो. आमच्या अनुभवात माल शीतगृहातून काढून थंड असतानाच चालवला तर देठ कडक असतो आणि कटकन मोडतो. दुपारपर्यंत बाहेर ठेवला की दाणा मऊ होतो, देठ वाकतो पण तुटत नाही, आणि जोरात घासलं तर साल फाटून माल चिकट होतो. दिरांनी सकाळी सातला छत्तीस टनांतल्या वेगवेगळ्या थप्प्यांतून पेट्या काढल्या. घरी सोनाराचा असतो तसा लहान काटा आहे, त्यावर अर्धा-अर्धा किलो तोलून आम्ही चौघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मशीनला न लावलेल्या अर्ध्या किलोत एकशे बेचाळीस देठ. एकदा चालवलेल्यात अडुसष्ट. दोनदा चालवलेल्या तीन नमुन्यांत चव्वेचाळीस, एकोणचाळीस आणि सत्तेचाळीस.

नवऱ्याला ‘चाळीसच्या आसपास’ लिहायचं होतं. तीन नमुन्यांतला एकच चाळीसखाली होता, तर ‘आसपास’ या शब्दावर कुणी कंटेनर घेतो का? आणि सत्तेचाळीस म्हणजे काठावर आहोत, याचीही जाणीव ठेवायला हवी होती. आम्ही त्याचीच अट त्याच्याच शब्दांत लिहायची ठरवली, पन्नासपेक्षा कमी, आणि सगळा लॉट दोनदा चालवायचा खर्च धरला. म्हणजे आमंत्रणाच्या एका आकड्यामुळे छत्तीस टन माल पुन्हा मशीनवर चढला. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, “पत्र महागात पडलं की गं.”

मग मराठी मसुदा नव्याने झाला. तो असा:

‘2023 साली आमच्या नमुन्यात आपणांस देठ आढळले होते. आपले म्हणणे बरोबर होते. आम्ही उत्तर काडीबद्दल दिले, ती आमची चूक. आता आम्ही प्रत्येक लॉटमधील देठ मोजतो. आमच्याकडे 2024 च्या पिकाचा, सावलीत वाळवलेला, गंधकाची धुरी न दिलेला छत्तीस टन हिरवा बेदाणा तासगाव येथील शीतगृहात आहे. पाचशे ग्रॅममध्ये देठ पन्नासपेक्षा कमी. आम्ही 17 ते 21 फेब्रुवारी दुबईत गल्फूडला आहोत. या आणि स्वतः मोजून बघा. मंगळवार 18 फेब्रुवारी सकाळी अकरा, किंवा बुधवार 19 फेब्रुवारी दुपारी साडेतीन, दुबईची वेळ, यांपैकी कोणती वेळ सोयीची? आपल्यासाठी अर्धा तास आणि त्याच लॉटमधला पाच किलो माल राखून ठेवू. स्टॉलचा नंबर जानेवारीअखेर मिळेल, त्याच दिवशी कळवू. प्रवेशासाठी बॅज लागतो, निघण्याआधी नोंदणी करावी.’

अण्णांनी ‘स. न. वि. वि.’ आणि ‘लोभ असावा’ गेल्याबद्दल सुस्कारा सोडला. मी त्यांना म्हटलं, मराठी प्रतीत ठेवा, ती आपल्याच फाईलला आहे. ठेवलं.

मराठी प्रत कशाला, असं तुम्ही विचाराल. तो काही मराठी वाचणार नव्हता. ती आमच्यासाठी होती. स्टॉलवर अण्णा आणि दीर उभे राहणार होते, मी सांगलीत. समोरच्याला आपण काय काय कबूल केलंय हे उभं राहणाऱ्याला त्याच्या भाषेत पाठ पाहिजे. म्हणून मी मराठीतल्या वाक्यांना पेन्सिलीने आकडे घातले आणि इंग्रजीचं पुन्हा मराठी करून एकेक वाक्य ताडून पाहिलं. इंग्रजीत एखादं आश्वासन जास्त झालंय का, एखादं गळलंय का, एवढंच बघायचं. एकदा ‘राखून ठेवू’चं मी ‘रिझर्व्ह’ केलं होतं, त्यातून सगळा लॉटच त्याच्यासाठी अडवून ठेवलाय असं वाचता येत होतं. ते ‘कीप’ झालं आणि पाच किलोला जोडलं गेलं.

अण्णांना इंग्रजी ऐकून थोडं कळतं, अक्षरं भरभर वाचता येत नाहीत. त्यांना ते पत्र स्टॉलवर म्हणता यावं म्हणून मी देवनागरीत उतरवून दिलं. ती प्रत अजून माझ्याकडे आहे:

‘इन 2023 यू फाउंड कॅपस्टेम्स इन अवर रेझिन सॅम्पल. यू वेअर राइट. वुई आन्सर्ड अबाउट स्टेम्स. दॅट वॉज अवर मिस्टेक. नाऊ वुई काउंट कॅपस्टेम्स इन एव्हरी लॉट. वुई हॅव 36 टन्स ऑफ ग्रीन रेझिन्स, क्रॉप 2024, शेड-ड्राइड, नॉट सल्फर्ड, इन कोल्ड स्टोरेज ॲट तासगाव, इंडिया. कॅपस्टेम्स: बिलो 50 इन 500 ग्रॅम्स. वुई विल बी ॲट गल्फूड, दुबई, 17 टू 21 फेब्रुवारी. प्लीज कम अँड काउंट देम युवरसेल्फ. कॅन यू मीट अस ऑन ट्यूजडे 18 फेब्रुवारी ॲट 11 ए. एम., ऑर वेन्सडे 19 फेब्रुवारी ॲट 3.30 पी. एम., दुबई टाइम? वुई विल कीप 30 मिनिट्स अँड 5 किलोज फ्रॉम द सेम लॉट फॉर यू. अवर स्टॉल नंबर विल कम बाय द एंड ऑफ जानेवारी. वुई विल सेंड इट द सेम डे. एन्ट्री नीड्स अ बॅज. प्लीज रजिस्टर बिफोर यू ट्रॅव्हल.’

वाक्यं मुद्दाम आखूड ठेवली. इंग्रजी आमची मातृभाषा नाही आणि त्याचीही नाही, मग दोघांनी मिळून लांब वाक्यात अडकायचं कशाला? ‘दुबई टाइम’ हे दोन शब्द नवऱ्याने घातले. जेद्दाचं घड्याळ दुबईच्या एक तास मागे आणि आपलं दीड तास पुढे. तारखेच्या आधी वार लिहिला तो चुकलेली तारीख पकडायला. तारीख एक आणि वार दुसरा निघाला तर वाचणारा थांबून विचारतो. विषयाच्या ओळीत ‘इन्व्हिटेशन’ हा शब्द टाकलाच नाही. त्या महिन्यात त्याच्याकडे तसल्या ढिगानं आलेल्या असणार. विषय होता, ‘कॅपस्टेम्स बिलो 50, युवर 2023 सॅम्पल’.

अण्णांनी छापलेली एक प्रत सकाळी नदीकाठच्या गणपतीच्या देवळात नेऊन पायाशी ठेवली. पत्रिका आधी गणपतीला, हा सांगलीचा शिरस्ता, तो त्यांनी मोडू दिला नाही. मग 6 जानेवारीला मी ईमेल पाठवला आणि तो अर्ध्या तासात परत आला. नवऱ्याने न विचारता सगळ्या मालाची फोटोंची पुस्तिका जोडली होती, ती पलीकडच्या मेलबॉक्सला झेपली नाही. पुस्तिका काढून नुसता मजकूर पाठवला.

दहा दिवस काही नाही. मग दोन ओळी आल्या: मी येणार नाही, माझा खरेदी व्यवस्थापक येईल, बुधवार साडेतीन. सल्फर डायऑक्साइडचा रिपोर्ट आणा.

इथे एक गोंधळ माझ्या हातून झाला, तोही सांगते. स्टॉलचा नंबर 30 जानेवारीला आला. ट्रेड सेंटरमध्ये काही हॉलना आकडे आहेत, काहींना नावं, त्यामुळे हॉल आणि स्टॉल दोन्ही लिहून पाठवले. 10 फेब्रुवारीला आयोजकांनी कळवलं की स्टॉल एक ओळ मागे सरकलाय. मी लगेच इंग्रजीत कळवलं: जुना नंबर रद्द, नवा नंबर हा. पण आमच्या मराठी प्रतीत जुनाच राहिला, आणि दिरांनी त्या प्रतीवरून दोनशे कार्डं छापून घेतली. ती दुबईत रात्री हॉटेलवर बसून पेनाने दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून बदल झाला की तो आधी मराठी प्रतीत होतो, मग इंग्रजीत.

बुधवारी साडेतीनला दहा मिनिटं असताना व्यवस्थापक आला. केरळचा माणूस, वीस वर्षं जेद्दात. हातात आमच्या पत्राची छापील प्रत, त्यात ‘पन्नास’खाली रेघ मारलेली. अण्णांनी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर त्याने हात वर करून थांबवलं, बॅगेतून स्वतःचा छोटा काटा काढला आणि राखून ठेवलेल्या पिशवीतून मधल्या थरातला अर्धा किलो तोलून घेतला. वरचा थर घेतला नाही, हे दिरांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. मग खुर्ची ओढून मोजायला बसला. अण्णाही शेजारी बसले. तो बोटांनी देठ बाजूला काढत मल्याळममध्ये मोजत होता, अण्णा तेच देठ बघून मराठीत. पंचवीस मिनिटं स्टॉलवर कुणी काही बोललं नाही.

त्याचे त्रेचाळीस झाले, अण्णांचे एकेचाळीस. अण्णांनी त्याच्या कागदावर त्रेचाळीसच लिहू दिले.

मग त्याने रिपोर्ट बघितला, 2024 च्या मालातून पाच टनांचा दर मागितला, आणि एप्रिलमध्ये नव्या पिकाचा नमुना पाठवताना तो मशीनवर दोनदा चालवलेल्या पेटीतूनच पाठवा, वेगळा निवडून नको, असं सांगितलं. दिरांनी ते वहीत मराठीत लिहून घेतलं आणि त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं. वाचताना ते ‘स्टेम’ म्हणाले, थांबले, आणि स्वतःच ‘कॅपस्टेम’ केलं.